नारळांचे तीन ढीग: भावंडांच्या वाटणीवर लिहिताना

प्रश्न: «माझ्या कथेत फोंड्याकडच्या एका घरातली तीन भावंडे आहेत. वडिलांच्या पश्चात घर आणि भाट यांवरून त्यांचे बोलणे तुटते. खरे सांगायचे तर आमच्याच घरात असे घडले आहे आणि मी धाकटा आहे. लिहायला बसलो की थोरला भाऊ आपोआप खलनायक होतो, आणि निम्मी पाने वाटणीच्या कायद्यात जातात. कोणावर अन्याय न करता आणि कायद्यात न शिरता हे कसे लिहावे?»

थोरला भाऊ खलनायक होण्यामागे दर वेळी लेखकाचा राग असतो असे नाही. पुष्कळदा त्याचे मूळ कथा ज्या दिवशी सुरू होते त्या दिवसात असते. गोव्यातल्या दिवाळी अंकांकडे येणाऱ्या कथा वाचणे आणि त्यांवर लेखकांशी बोलणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि या विषयावरच्या बहुतेक कथा वडिलांच्या बाराव्या-तेराव्याच्या सुमारास उघडतात. त्या दिवशी घरात जो राहतो त्याच्या हातात किल्ल्या असतात, कपाटातले कागद त्याच्या ताब्यात असतात आणि पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था त्याची बायको पाहत असते. बाहेरून आलेल्या भावंडांना प्रत्येक गोष्ट मागावी लागते. ज्याच्याकडे आहे तो अडवणारा आणि ज्याला मागावे लागते तो अन्याय झालेला, हे नाते पहिल्याच पानावर ठरून जाते आणि पुढे लेखकाने कितीही समजूतदार वाक्ये लिहिली तरी ते पुसले जात नाही.

म्हणून प्रत्येक भावंडाचा हिशेब कोणत्या वर्षापासून सुरू होतो ते आधी शोधावे, असे मी सुचवीन. भावंडांची भांडणे आकड्यांवरून होतात असे वरवर दिसते, पण मला तरी आजवर त्यांच्या मुळाशी आरंभाच्या तारखेचाच वाद आढळला आहे. एक कल्पित घर घेऊ. दादा 1988 मध्ये पणजीतली नोकरी सोडून घरी आला, कारण वडिलांना पक्षाघाताचा झटका आला होता आणि कुळागराकडे पाहायला कोणी नव्हते. त्याचा हिशेब 1988 पासून चालतो आणि त्यात न मिळालेला पगार, न झालेली बढती आणि रात्री-अपरात्री वडिलांना उठवून बसवणे हे सारे येते. ताईचे लग्न होऊन ती मडगावला गेली 1991 मध्ये. लग्नात दिलेल्या सोन्याकडे बोट दाखवून कोणीतरी «बायचे तिला दिले» असे म्हटले, आणि ज्याने ते म्हटले तो विसरला तरी ती विसरली नाही. तिचा हिशेब त्या वाक्यापासून सुरू होतो. धाकटा दुबईला होता. 1997 च्या पावसाआधी घराच्या छपराचे वासे आणि कौले बदलण्यासाठी त्याने पैसे पाठवले, आणि त्याच्या दृष्टीने ते घर तेव्हापासून त्याचेही आहे, किंबहुना त्याच्यामुळे उभे आहे. या तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हिशेबाची पहिली पाने फाडून टाकतो, एवढेच.

कथा लिहिण्यापूर्वी या तिघांच्या वतीने प्रत्येकी एक पान प्रथमपुरुषी लिहून काढा. ते कथेत घालायचे नाही. त्यात त्या व्यक्तीने स्वतःच्या बाजूने बोलावे, पण दुसऱ्यांच्या हेतूंबद्दल एक शब्दही बोलू नये, एवढा नियम पाळावा. «मी नोकरी सोडली» हे चालेल. «त्याला फक्त पैसा दिसतो» हे चालणार नाही. पान झाले की ते त्या व्यक्तीच्या तोंडून मोठ्याने वाचावे आणि ती व्यक्ती खाली सही करील का, असे स्वतःला विचारावे. आपण स्वतः धाकटे आहात, त्यामुळे धाकट्याचे पान आपल्या हातून भराभर उतरेल आणि दादाचे पान चार ओळींत आटपेल. ते पान दादाच्या दिवसाच्या बारकाव्यांनी भरेपर्यंत कथेला हात लावू नये: पहाटे कुळागरात पाणी कोणत्या पाटाने सोडायचे, सुपारीवर बुरशीचा रोग येऊ नये म्हणून पावसाच्या तोंडावर औषध फवारायला माणूस कुठून मिळवायचा, वडिलांच्या अंगाला व्रण पडू नयेत म्हणून त्यांची कूस किती वेळाने बदलायची. ज्या माणसाचा दिवस आपल्याला ठाऊक नाही, त्याच्याबद्दल लिहिताना आपण नकळत त्याच्या स्वभावाबद्दल लिहू लागतो, आणि भावंडांच्या गोष्टीत पहिला अन्याय तिथे होतो.

यानंतरचा प्रश्न असा की हे तीन हिशेब एकत्र कुठे आणायचे. चवथीचा दिवस लेखकांना आवडतो, आणि त्याला कारण आहे. मूळ घरात सगळी जमतात, माटोळी बांधायला हात लागतात, देवखोलीत उभे राहायला जागा नसते. पण चवथ इतकी भरलेली असते की भांडण सजावटीत हरवते, आणि वाचकाला समेटाची अपेक्षा आपोआप लागते. मी त्याऐवजी नारळ पाडण्याचा दिवस घेईन. दर दोन-तीन महिन्यांनी येणारा हा साधा दिवस आहे. त्यात कोणी नवे कपडे घालत नाही आणि कोणी चांगले वागण्याचे सोंग करत नाही. पाडेली माडावर चढतो, नारळ खाली पडतात, कोणीतरी ते गोळा करून अंगणात आणतो, दोन-दोन करून मोजतो आणि मग त्यांची वाटणी होते. पाडेल्याची मजुरी माडामागे ठरलेली असते आणि ती कोणी द्यायची हा प्रश्नही त्याच दिवशी उभा राहतो. सगळा वाद डोळ्यांसमोर, हातात धरता येईल असा मांडता येतो आणि त्यात कायद्याचा एक शब्द लागत नाही.

आता त्या अंगणात तीन ढीग आहेत असे धरा. दादाच्या ढिगातले नारळ वहिनी आत नेते. ताईचा ढीग पोत्यात भरून ठेवला जातो आणि तिचा मुलगा रविवारी स्कूटरवर येऊन घेऊन जातो. धाकट्याचा ढीग वसरीच्या कोपऱ्यात तसाच राहतो. तो सुट्टीवर येईपर्यंत त्यातल्या काही नारळांना कोंब आलेले असतात. हा कोंब आलेला ढीग धाकट्याने पाहिला की त्याला वाटते, इथे आपल्या वाट्याची कोणाला पर्वा नाही; विकून पैसे ठेवले असते तर काय बिघडले असते. दादा त्याच ढिगाकडे पाहून म्हणतो, एक नारळ इकडचा तिकडे केला नाही, मोजून ठेवले तसे आहेत, अजून काय प्रामाणिकपणा हवा. ताईला वाटते, विचारले असते तर मी नेले असते, पण मला विचारण्याची पद्धत या घरात नाही. वस्तू एकच आहे, तिचे वर्णन आपण एकदाच केले आहे, आणि तिघांचेही म्हणणे त्या वर्णनातून खरे ठरते. निःपक्षपातीपणा म्हणून जे काही साधायचे असते ते माझ्या मते अशा तपशिलांतून साधते. लेखकाने मध्येच थांबून «दोघांचेही बरोबर होते» असे लिहिले तर वाचक त्यावर विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू नये.

याची परीक्षा सोपी आहे. कथेतला प्रत्येक ठळक तपशील घ्यावा आणि तो विरुद्ध बाजूच्या माणसाच्या नजरेने वाचून पाहावा. दादाने देवखोलीला नवे कुलूप लावले, हा तपशील एकाच बाजूने वाचता येतो. तो वाचकाला निकाल देऊन मोकळा होतो. दादाने देवखोलीला कुलूप लावले आणि किल्ली शेजारच्या काकींकडे ठेवली, असे झाले की तो दोन्ही बाजूंनी वाचता येतो: कुलूप चोरांसाठी होते की भावासाठी, आणि किल्ली सोयीसाठी ठेवली होती की घरच्या माणसाला परक्याच्या दारी मागायला लावण्यासाठी, हे वाचकाला स्वतः ठरवावे लागते. सगळेच तपशील असे दुहेरी करण्याची गरज नाही; ज्यांच्यावर भांडण टेकलेले आहे तेवढे तीन-चार पुरेत. आणि एखाद्या भावंडाने खरोखरच वाईट कृत्य केले असेल, उदाहरणार्थ आजारी आईकडून न सांगता अंगठा घेतला असेल, तर ते कृत्य मऊ करू नये. ते सरळ लिहावे, त्या दिवशी तो माणूस कशाला भ्यालेला होता तेही लिहावे, आणि पुढे जावे. समतोल राखण्यासाठी दुसऱ्या भावंडाच्या माथी तेवढेच मोठे पाप शोधून मारणे हाही अन्यायच आहे.

गोव्यात लिहिताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते, ती म्हणजे संवादांची भाषा. आपल्याकडच्या मराठी कथेत निवेदन मराठीत आणि बोलणे कोंकणीत हा प्रघात जुना आहे आणि तो नैसर्गिक आहे, कारण घरात बोलणे तसेच होते. अडचण तेव्हा येते जेव्हा गावात राहिलेला दादा कोंकणीत बोलतो आणि दुबईचा किंवा पुण्याचा धाकटा शुद्ध मराठीत. निवेदनाची भाषा ज्याच्या तोंडी असते तो वाचकाला अधिक शहाणा वाटतो, आणि दुसरा आडमुठा. तिघांनाही एकच भाषा द्यावी. ताई म्हणेल, «म्हाका कितें जाय तें कोणेंच विचारलें ना», तर धाकट्यानेही रागाच्या भरात त्याच भाषेत उत्तर द्यावे. कोणी भाषा बदललीच तर त्याला प्रसंगातले कारण असावे, म्हणजे सुनेला कळू नये म्हणून किंवा फोनवर पलीकडे परका माणूस आहे म्हणून.

आता कायद्याकडे येतो. पोर्तुगीज काळातली 1867 ची नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली आणि तिच्यामुळे इथल्या घरांतल्या गोष्टींना एक वेगळा आकार आला: मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा, आणि सर्वसाधारणपणे नवरा-बायको दोघांचाही मालमत्तेत भाग असल्यामुळे घर किंवा भाट विकायचे तर सुनांच्या आणि जावयाच्याही सह्या लागतात. आपल्या कथेला कायद्यातले एवढेच पुरे आहे, आणि तेही «ताईच्या सहीशिवाय घर हलत नाही» अशा एका वाक्यात बसते. घाटावरच्या कथांमध्ये बहिणीने हक्कसोड लिहून द्यावी की नाही यावर जे नाट्य उभे राहते ते जसेच्या तसे इथे आणले तर गोव्याचा वाचक पहिल्या पानावरच अडखळतो, म्हणून लेखकाला हे माहीत असणे आवश्यक आहे. सांगत बसणे आवश्यक नाही.

बाकीच्या कायद्यासाठी मी एक कसोटी वापरतो: उद्या कायदा बदलला तर जे वाक्य चुकीचे ठरेल ते कथेतून काढता येते का ते पाहावे. बहुधा येते. «भाईने इन्व्हेंटरी घातली», म्हणजे वाटणीसाठी कोर्टात गेला, हे वाक्य राहू द्यावे, कारण लोक तसेच बोलतात आणि त्या बोलण्यात घरातली एक रेघ ओलांडली गेल्याचा आवाज आहे. पण त्यानंतर कोणाला किती हिस्सा, कोणत्या वस्तूवर कोण बोली लावू शकतो, मुदत किती, हे सारे वगळावे. त्याच्या जागी नोटिसीचा लिफाफा घरात कसा आला ते लिहावे. पोस्टमन आला तेव्हा अंगणात कोण होते, सही कोणी केली, लिफाफा उघडण्यापूर्वी तो कुठे ठेवला, दुपारचे जेवण त्याआधी झाले की नंतर, आणि त्या रात्री दादाने धाकट्याला फोन केला की नाही. कागदावर काय लिहिले होते हे वाचकाला न कळताही कागदाने काय केले ते कळते. कायदा समजावून सांगणारा वकील मात्र पात्र म्हणून आणू नये. तो आला की भावंडे गप्प बसतात आणि तोच बोलू लागतो. तसेही प्रत्यक्षात लोक वकिलाच्या कचेरीतून बाहेर आल्यावर गाडीत बसून जे बोलतात ते अधिक ऐकण्यासारखे असते. जमीन कसणारे कूळ आणि आपल्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार यांचा प्रश्नही घरात असला तरी या कथेत आणू नये. तो आणला की भावंडे एका बाजूला होतात आणि आपला विषयच बदलतो.

सह्यांची गोष्ट निघाली म्हणून सुनेबद्दल दोन शब्द. «बायकोने कान भरले» हे आपल्याकडच्या कथांचे जुने औषध आहे, आणि ते भावांना दोषमुक्त करण्यासाठी वापरले जाते. इथल्या घरात सून ही भांडणाच्या बाहेर उभी राहून फुंकर घालणारी व्यक्ती नाही. तिची सही लागते, तिने त्या घरात वर्षानुवर्षे सासऱ्याचे केलेले असते, आणि तिचाही हिशेब एखाद्या वर्षापासून सुरू होतो. तिला मत असणे स्वाभाविक आहे. बाहेरून आलेल्या खरेदीदाराचेही तसेच. रस्त्यालगतच्या भाटासाठी दिल्लीहून आलेला गिऱ्हाईक आज गोव्यात कोणालाही पटेल असा खलनायक आहे, आणि त्यामुळेच तो धोक्याचा आहे: तो मंचावर आला की तिन्ही भावंडे एकदम निरागस होतात. त्याला फोनवरचा एक आवाज एवढीच जागा द्यावी.

आपल्या बाबतीत काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. घरातला वाद अजून चालू असेल तर मी कथा पूर्ण लिहीन, पण छापायला देणार नाही, कारण चालू वादात छापलेले प्रत्येक वाक्य घरात पुरावा म्हणून वाचले जाते. वाद मिटला असेल किंवा थिजला असेल, तरी गोवा लहान आहे हे विसरता येत नाही. गावाचे नाव बदलून भागत नाही. राजांगणातल्या तुळशीवृंदावनावरून, कुळदेवावरून, घरापासून ओहोळ किती लांब आहे यावरूनही लोक घर ओळखतात. नावांपेक्षा रचना बदलावी. भावंडांचा क्रम बदला, राहिलेला भाऊ धाकटा करा आणि गेलेला थोरला, कुळागराच्या जागी काजूचे डोंगर घ्या. याचा दुसरा लाभ असा की क्रम बदलल्यावर आपल्याला आपल्याच भावाच्या जागी बसून लिहावे लागते, आणि आपण जो खलनायक होतो असे म्हणता तो बहुधा तिथेच विरघळू लागतो. हे कथेबद्दल झाले. आठवणी म्हणून, स्वतःच्या नावाने लिहायचे असेल तर ही मोकळीक नाही. तेव्हा «मला असे आठवते» आणि «मला असे सांगण्यात आले» यांतला फरक प्रत्येक प्रसंगात पाळावा लागतो, आणि ज्या प्रसंगी आपण हजर नव्हतो तिथे संवाद रचू नयेत.

निवेदक धाकटाच ठेवणार असाल तर त्याला मिळालेले लाभ कथेच्या पूर्वार्धात, तक्रारीच्या आधी, पानावर आले पाहिजेत. तो दुबईला जाऊ शकला कारण कोणीतरी घरी थांबले. त्याच्या विमानाच्या तिकिटाचे पैसे एखाद्या वर्षीच्या सुपारीतून गेले असतील. हे त्याने पश्चात्तापाच्या सुरात सांगू नये. सहज, व्यवहाराची गोष्ट म्हणून सांगावे. लाभ आधी सांगणाऱ्या निवेदकाची तक्रार नंतर ऐकून घेतली जाते. वडिलांनाही असेच पाहावे. पुष्कळ घरांत वडिलांनी तिन्ही मुलांना वेगवेगळ्या वेळी, एकेकट्याला गाठून, काहीतरी कबूल केलेले असते आणि त्या वेळी ते मनापासून बोललेले असतात. हे तीन प्रसंग कथेत एकापाठोपाठ एक न देता दूर-दूर ठेवावेत, म्हणजे तिसऱ्या वेळी वाचकाला स्वतःच उमगेल की शब्द प्रत्येकाला मिळाला होता.

शेवटाविषयी आपण विचारले नाही, पण या विषयात अन्याय बहुधा शेवटच्या पानावर होतो म्हणून लिहितो. आरतीच्या वेळी सगळ्यांचे डोळे पाणावणे किंवा पावसात घराची भिंत कोसळणे, या दोन्हींत लेखक भावंडांच्या हातून निर्णय काढून घेतो. घरांत प्रत्यक्षात जे उरते ती एखादी नवी व्यवस्था असते: नारळांचे ढीग न करता पाडेल्याकडूनच सगळे विकून पैसे तीन खात्यांत जाऊ लागतात, किंवा ताई चवथीला येते पण रात्री राहत नाही. ती व्यवस्था काय आहे ते साध्या शब्दांत नोंदवून थांबावे.

कच्चा खर्डा झाला की तो दोन वाचकांना द्या: एक असा की जो स्वतः मूळ घरात राहिला आहे, आणि दुसरा असा की जो बाहेर पडला. कथा आवडली का हे विचारू नका. घर कोणाला मिळायला हवे होते एवढेच विचारा. दोघांची उत्तरे वेगळी आली तर खर्डा ठीक आहे. दोघांनीही एकच नाव घेतले, तर उरलेल्या दोघांची ती प्रथमपुरुषी पाने पुन्हा काढा आणि त्यांतली कोणती ओळ कथेत पोहोचलीच नाही ते शोधा. बहुतेक वेळा ती दादाच्या पानावरची, कामाबद्दलची असते.